आजारी पडलोय, सरांना सुट्टीचा मेसेज टाकायचाय आणि कामं पेंडिंग आहेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी भोसरी एमआयडीसीत पार्टनरशिप फर्मच्या अकाउंट्सला आहे, मशीनिंगचे पार्ट बनवतात आमच्याकडे, आणि अकाउंट्सला माणसं दोनच, मी आणि एक ज्युनियर. त्यामुळे मला ताप आला की तो नेमका १० तारखेला येतो आणि जीएसटीआर-१ ची, म्हणजे महिन्याच्या विक्रीच्या बिलांच्या जीएसटी रिटर्नची, शेवटची तारीख असते ११. मैत्रिणी आणि ज्युनियर पोरंपोरी मला सारखं विचारतात की मेसेजमध्ये लिहू काय, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. उदाहरण अकाउंट्सचं आहे कारण मला तेच नीट माहितीये, तुमचं काम स्टोअरचं असो की परचेसचं, कामं बदलून घ्या.

मेसेज कधी टाकायचा? रात्रीच टाकला तर चालतो का?

चालतो, उलट बराच. रात्री साडेअकराला अंग फणफणलंय आणि तुम्हाला आतून कळतंय की उद्या काही उठवत नाही, तर तेव्हाच टाका. सर झोपले असतील तर सकाळी उठून वाचतील, त्यात त्रास कसला. "सकाळी बघू, उतरला ताप तर जाऊ" असं म्हणत आपण झोपतो आणि मग औषधाच्या गुंगीत डोळा उघडतो तो साडेनवाला, तोवर सरांनी दोनदा फोन केलेला असतो.

शिफ्ट सुरू व्हायच्या निदान तास-दीड तास आधी मेसेज पोचला पाहिजे, कारण त्या वेळात सर दुसऱ्या कोणाला तरी तुमचं काम सांगू शकतात. आमचं ऑफिस साडेनऊचं, मी आठच्या आत टाकते. आणि सव्वानऊपर्यंत निळ्या टिका दिसल्या नाहीत तर मग सरळ फोन लावायचा, एक मिनिटाचा. मेसेज टाकला म्हणजे कळवलं असं धरून बसू नका, वाचला तर कळवलं.

आजार किती सांगायचा?

एक ओळ. काय होतंय आणि येणं जमणार नाही. "रात्रीपासून ताप, आत्ता १०२ आहे" एवढं पुरतं. पोट बिघडलं असेल तर "पोट बिघडलंय", बस, किती वेळा जावं लागलं ते कोणालाच वाचायचं नसतं. पाळीचा त्रास असेल आणि सांगायचं नसेल तर "तब्येत बरी नाही" हे पूर्ण उत्तर आहे, त्यापुढे खुलासा द्यायची गरज नाही आणि मी माझ्या ज्युनियर मुलींना हे मुद्दाम सांगते.

थर्मामीटरचा फोटो, सलाईन लावलेल्या हाताचा फोटो हे पाठवू नका. विश्वास बसावा म्हणून आपण पाठवतो पण त्याने वाचणारा अवघडतो आणि पुढच्या वेळी फोटो नसला की उगाच शंका येते. विश्वास बसतो तो खालच्या कामाच्या ओळींवर. ज्याने १०२ तापात पण गाडी नंबर कुठून मिळेल ते लिहिलंय तो खोटं बोलत नसतो, हे कुठल्याही मॅनेजरला कळतं.

"सुट्टी मिळेल का" असं विचारायचं की "येणार नाही" असं सांगायचं?

लग्नाला जायचं असेल तर विचारा. आजारपणात सांगा. "सर, आज येऊ शकणार नाही, सिक लीव्ह घेतेय" यात उद्धटपणा काही नाही, सर म्हटलंय, कारण दिलंय, खाली काम दिलंय. उलट "सर जरा बरं वाटत नाहीये, बघते जमलं तर येते, नाहीतर दुपारून येते" हा मेसेज सगळ्यात वाईट, कारण तो वाचून सर तुमची वाट बघत बसतात, कोणालाच काही सांगत नाहीत, आणि दुपारी दोनला कळतं की तुम्ही येत नाही आणि तोवर गाडी गेटवर उभी.

किती दिवस येणार नाही हे मलाच माहिती नाही, मग काय लिहू?

आज नाही हे नक्की असतं ना, ते लिहा, आणि पुढचं कधी कळवाल त्याची वेळ लिहा. "१० वाजता डॉक्टरांकडे जातेय, उद्याचं दुपारी १ पर्यंत कळवते." ती वेळ मात्र पाळा. रिपोर्ट आला नसेल तर एकला लिहायचं की रिपोर्ट संध्याकाळी आहे, सातला कळवते. अंदाजाने "दोन दिवस" लिहून टाकलं की सर तिसऱ्या दिवशीचं काम तुमच्या नावावर लावतात आणि मग तुम्ही तापात किंवा अशक्तपणात उठून जाता.

हँडओव्हरमध्ये कुठली कामं लिहायची? माझ्याकडे तर पंधरा पेंडिंग आहेत.

पंधराच्या पंधरा लिहू नका, खरंच नका. प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारा, मी परत येईपर्यंत याला कोणी हातच लावला नाही तर काय होईल? काहीच होणार नसेल तर ते काम मेसेजमधून बाहेर.

माझंच १० तारखेचं सांगते. त्या दिवशी माझ्याकडे होतं जीएसटीआर-१, होसूरला जाणारी गाडी, बँकेत तीन वेंडर पेमेंट, दोन कस्टमरचं लेजर मॅचिंग, पेटी कॅशचे व्हाउचर, ऑडिटरने मागितलेली स्टॉकची शीट आणि अजून फुटकळ बरंच. जीएसटीआर-१ हातात न घेतलं तर उद्या तारीख जाते. गाडी संध्याकाळी ४ ला निघायची, माल ५०,००० च्या वरचा आणि दुसऱ्या राज्यात जाणारा, मालाच्या वाहतुकीसाठी पोर्टलवर काढायचं ई-वे बिल पूर्ण नसेल तर गाडी रस्त्यात अडकते. पेमेंटमधल्या एका वेंडरला आम्ही १२ चा शब्द दिलेला. लेजर मॅचिंग आठवडाभर पडून राहिलं तरी कोणाचं काही बिघडत नाही, पेटी कॅशचं तर नाहीच. म्हणजे पंधरातली तीन उरली. तीन कामं सर चहा पिता पिता वाचतात, पंधरा वाचत नाहीत, आणि पंधरात ती तीन हरवतात.

एका कामाबद्दल नक्की काय काय लिहायचं?

काम कुठवर आलंय, काय उरलंय, केव्हापर्यंत पाहिजे, कागद किंवा फाइल कुठे आहे, आणि आता कोणाच्या हातात आहे. एवढं. पण यातलं पहिलंच, म्हणजे "कुठवर आलंय", ते लोक इतकं ढिसाळ लिहितात की पुढचं सगळं वाया जातं, आणि मी पण लिहिलंय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधीच्या नोकरीत एकदा मी तापात मेसेज टाकला, "जीएसटीआर-१ झालंय, फक्त एकदा बघून घ्या." माझ्या डोक्यात "झालंय" म्हणजे सगळी इनव्हॉइस पोर्टलवर चढवून झाली. ज्युनियरने वाचलं "झालंय" म्हणजे फाइल झालं. त्याने पोर्टल उघडलं, इनव्हॉइस दिसली, त्याला बरं वाटलं, बंद केलं. ११ गेली. आता होतं काय की आपलं जीएसटीआर-१ वेळेत फाइल झालं की ती बिलं कस्टमरच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे त्यांना कुठल्या खरेदीवर जीएसटीचं क्रेडिट मिळेल त्या यादीत येतात, आणि ते २बी तयार होतं १४ तारखेला. आमची बिलं त्या महिन्याच्या २बी मध्ये गेलीच नाहीत. एका मोठ्या कस्टमरने बिलातली जीएसटीची रक्कम महिनाभर रोखून धरली कारण त्यांना क्रेडिटच दिसत नव्हतं, आणि त्यांच्या बाजूने ते बरोबरच होतं. लेट फी म्हणाल तर दिवसाला ५० रुपये, ती कोणाला जाणवली पण नाही, पण ती अडकलेली रक्कम आणि कस्टमरचे रोजचे फोन, ते मी परत आल्यावर पंधरा दिवस निस्तरत होते. ज्युनियरची काही चूक नव्हती. शब्द माझा होता.

तेव्हापासून मी "झालंय", "करून ठेवलंय", "ऑलमोस्ट डन" हे शब्द हँडओव्हरमध्ये वापरतच नाही. लिहायचं ते असं, "४६ इनव्हॉइस पोर्टलवर चढवलेत, २ क्रेडिट नोट चढवायच्या बाकी, फाइल केलेलं नाही." आणि जमलं तर संपल्याची खूण पण लिहायची, म्हणजे ज्याच्या हातात काम जाईल त्याला स्वतःला कळेल की आता झालं. जीएसटीआर-१ ची खूण म्हणजे पोर्टलवर त्या महिन्यासमोर Filed दिसलं पाहिजे आणि ARN, म्हणजे पोचपावतीचा नंबर आला पाहिजे. ई-वे बिलाची खूण म्हणजे पार्ट बी मध्ये गाडी नंबर असलेली प्रिंट ड्रायव्हरच्या हातात. नुसता मालाच्या माहितीचा पार्ट ए भरला की पण एक स्लिप निघते आणि नवीन माणसाला ती बिलासारखीच वाटते, म्हणून हे मुद्दाम लिहायला लागतं.

पूर्ण मेसेज दाखव ना एकदा.

हा घ्या, जसा मी टाकला तसा, फक्त नावं काढलीत:

> सर, गुड मॉर्निंग. रात्रीपासून ताप आहे, आत्ता १०२ आहे आणि अंग खूप दुखतंय. आज येऊ शकणार नाही, सिक लीव्ह घेतेय. १० ला डॉक्टरांकडे जातेय, उद्याचं दुपारी १ पर्यंत कळवते.
>
> आज-उद्याची कामं:
>
> १. होसूरची गाडी, आज ४ वाजता. ई-वे बिलाचा पार्ट ए भरलाय, पार्ट बी मध्ये गाडी नंबर टाकायचा बाकी. नंबर डिस्पॅचला ३ पर्यंत मिळेल. ज्युनियर टाकेल, त्याच्याशी बोलले आहे. प्रिंट ड्रायव्हरकडे गेल्याशिवाय गाडी सोडू नये.
>
> २. जीएसटीआर-१, शेवटची तारीख उद्या ११. ४६ इनव्हॉइस चढवलेत, २ क्रेडिट नोट बाकी, फाइल केलेलं नाही. क्रेडिट नोट माझ्या टेबलवर लाल फाइलमध्ये वरच आहेत. ज्युनियर आज चढवेल. फाइल करताना ओटीपी तुमच्या मोबाईलवर येईल, उद्या ११ ते १२ तुम्ही ऑफिसमध्ये असाल का?
>
> ३. बँकेत ३ वेंडर पेमेंट तुमच्या अप्रूव्हलला आहेत, एकूण १,८४,५००. आज घाई नाही, पण एकाला १२ चा शब्द दिलाय.
>
> बाकी काही अडणार नाही, मी आल्यावर करते. दुपारी १ ते २ फोन उचलेन.

गाडी पहिली का, तर ती आजची ४ ची आहे. जीएसटीआर-१ कितीही मोठं काम असलं तरी ते उद्याचं. सर फक्त पहिली चार ओळी वाचून मीटिंगला गेले तरी जे आधी फुटणार ते त्यांनी वाचलेलं असलं पाहिजे. आणि ओटीपीची ओळ बघा. आमची पार्टनरशिप आहे, त्यामुळे फायलिंग ओटीपीने होतं आणि तो सरांच्या नंबरवर जातो. ११ तारखेला सर दिवसभर कस्टमरकडे असले आणि फोन सायलेंटवर असला तर ज्युनियर सगळं तयार करून नुसता बसून राहील. तुमच्याकडे प्रायव्हेट लिमिटेड असेल तर डिजिटल सिग्नेचर लागते, मग तो टोकन कोणाच्या ड्रॉवरमध्ये आहे हे लिहा. कामात आपल्याशिवाय दुसऱ्या कोणाची सही, ओटीपी, अप्रूव्हल लागत असेल तर ते हँडओव्हरमध्ये सगळ्यात जास्त विसरलं जातं, कारण रोज आपण ते जाता येता केबिनमध्ये डोकावून घेतो, ते वेगळं काम आहे असं वाटतच नाही.

ज्याच्यावर काम टाकतोय त्याला आधी विचारायचं का?

हो, सरांना मेसेज टाकायच्या आधी. दोन मिनिटं फोन, नाहीतर व्हॉइस नोट. "अरे मी येत नाहीये, गाडीचा पार्ट बी आणि दोन क्रेडिट नोट करशील का, लाल फाइल टेबलवर आहे." तो म्हणाला हो, मग सरांना "ज्युनियर टाकेल, त्याच्याशी बोलले आहे" असं लिहिता येतं. न विचारता नाव टाकलं तर एकतर तो चिडतो, किंवा त्या दिवशी तोच हाफ डे असतो आणि कोणालाच माहिती नसतं. कोणीच नसेल हातात घ्यायला तर तसं सरळ लिहा, "हे कोणाला द्यायचं ते तुम्ही सांगा सर, मी त्याला फोनवर समजावते." कोणाला काम द्यायचं हे ठरवणं तसंही त्यांचंच काम आहे.

पासवर्ड मेसेजमध्ये टाकू का? त्याशिवाय तो करणार कसा?

टाकू नका. ग्रुपवर तर अजिबात नाही, तिथे ट्रान्सपोर्टवाले पण असतात. आणि हा प्रश्न तापाच्या दिवशी सुटत नाही, तो आधी सोडवून ठेवायचा असतो. ई-वे बिलाच्या पोर्टलवर मेन लॉगिनमधून सब-युजर बनवता येतो, ज्युनियरच्या नावाने एक बनवून घ्या, पाच मिनिटांचं काम. बँकेत पेमेंट चढवणारा वेगळा आणि अप्रूव्ह करणारा वेगळा असतोच, चढवणारे दोघं ठेवायला सरांना सांगा. एखादा पासवर्ड खरंच फक्त तुमच्याकडेच असेल तर फोनवर सरांना सांगा आणि परत आल्यावर त्याच दिवशी बदला.

ग्रुपवर टाकायचा की सरांना पर्सनल?

सरांना पर्सनल. ग्रुपवर एकच ओळ, "आज मी सुट्टीवर आहे, गाडीसाठी ज्युनियरशी बोला." आजार, तारखा, रकमा ग्रुपवर नकोत. एचआरला ईमेल किंवा ॲपवर लीव्ह टाकायची असेल तर ती संध्याकाळपर्यंत टाकली तरी चालते, पण टाका, कारण पगाराच्या वेळी व्हॉट्सॲप कोणी उघडून बघत नाही.

सर मराठी नाहीत, मग?

हिंदीत किंवा इंग्लिशमध्ये लिहा, क्रम तोच ठेवा.

आजार लांबला तर परत सगळं लिहायचं?

नाही, फक्त जे बदललं ते. माझं त्या वेळी तसंच झालं, ११ ला दुपारी रिपोर्ट आला, डेंग्यू निघाला, डॉक्टर म्हणाले निदान आठवडाभर घरीच, आणि प्लेटलेट्ससाठी रोज रक्त तपासायचं. मी सरांना लिहिलं:

> सर, रिपोर्ट आला, डेंग्यू आहे. डॉक्टरांनी १७ पर्यंत आराम सांगितलाय, सर्टिफिकेट सोबत जोडतेय. जीएसटीआर-१ आज १२:२० ला फाइल झालं, ARN ज्युनियरकडे आहे. आता एकच तारीख मध्ये येते, पीएफ आणि ईएसआयचं चलन, १५. हजेरीची शीट एचआरकडून आलेली नाही, ती आली की ज्युनियर चलन बनवेल आणि पेमेंट तुमच्या अप्रूव्हलला येईल. जीएसटीआर-३बी २० ला आहे, ते मी आल्यावर करते.

सुट्टी एका दिवसाची आठवड्यावर गेली की हातातली यादी परत एकदा बघायची, कारण काल जे "मी आल्यावर" होतं त्यातलं एखादं आता मध्ये येतं. चलन पहिल्या मेसेजमध्ये नव्हतं कारण तेव्हा मी दोन दिवसात येईन असं वाटत होतं.

मेडिकल सर्टिफिकेट लागतं का? आणि सुट्टी कापली तर?

ते तुमच्या कंपनीच्या नियमावर आहे, बऱ्याच ठिकाणी दोन दिवसांवर गेलं की मागतात, म्हणून पहिल्याच दिवशी डॉक्टरांकडून तारीख आणि सही-शिक्का असलेला कागद घेऊन ठेवा, नंतर मागच्या तारखेचा मागायला लाज वाटते आणि चांगले डॉक्टर देत पण नाहीत. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात वर्षाला ८ दिवस पगारी किरकोळ रजा आहे, आजारपणाची म्हणून वेगळी नाही, त्यामुळे ज्यांना हा कायदा लागतो त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची तापाची सुट्टी त्या आठातूनच जाते. सॅलरी स्लिपवर ईएसआय कापला जात असेल तर लांबलेल्या आजारात ईएसआयसीकडून पगाराच्या ७० टक्के मिळतात, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस, पण त्यासाठी सर्टिफिकेट ईएसआयसीच्याच डॉक्टरचं लागतं आणि मागच्या सहामाहीत निदान ७८ दिवसांचं योगदान भरलेलं लागतं. शॉप फ्लोअरवरच्या बऱ्याच जणांना हे माहितीच नसतं, आपापल्या डॉक्टरचा कागद आणतात आणि पैसे सोडून देतात, कृपया त्यांना सांगा.

सुट्टीत सारखे फोन आले तर?

म्हणून तर मेसेजमध्ये "१ ते २ फोन उचलेन" लिहायचं. त्या तासात खरंच उचला, बाकी वेळ फोन उलटा ठेवून झोपा. फोन येतोच आहे आणि तोच तोच प्रश्न विचारतायत, तर समजायचं की मेसेजमध्ये ती ओळ राहिली. मला ११ ला दोनदा फोन आला, लाल फाइल सापडत नाही म्हणून. ती टेबलवर नव्हतीच, मी आदल्या दिवशी निघताना कपाटात ठेवलेली आणि चावी माझ्या पर्समध्ये, घरी. शेवटी भाऊ बाइकवरून देऊन आला. आता अंगात कसकस वाटायला लागली की निघताना आधी चालू कामाचे कागद टेबलवर काढून ठेवते आणि त्यांचा एक फोटो ज्युनियरला पाठवते.

परत गेल्यावर काही लिहायचं का?

आदल्या संध्याकाळी एक ओळ, "सर, उद्या येतेय, सध्या हलकं काम करेन, ३बी पासून सुरू करते." आणि ज्याने तुमचं काम ओढलं त्याचं नाव सरांसमोर घ्या. मी १८ ला गेले तेव्हा ज्युनियरने कागदावर लिहून ठेवलेलं होतं, कुठली क्रेडिट नोट किती वाजता चढवली, चलन कधी भरलं, आणि खाली एका कस्टमरचं नाव, "यांचा फोन आलेला, बिलाची कॉपी मागतायत, तुमच्या फोल्डरमध्ये सापडली नाही." ते बिल मी सकाळी पहिल्यांदा पाठवलं.